वर्षाच्या मधेच कॉलेज सोडलं तर फीचं काय होतं? ट्यूशन, हॉस्टेल, परीक्षा, एकेक हेड धरून

आमच्या भाच्याने रत्नागिरीत बीएससी आयटीला (सेल्फ फायनान्स) ॲडमिशन घेतलेली आणि डिसेंबरमध्ये सोडली, कारण जीपी रेटिंगच्या जानेवारी बॅचला त्याचा नंबर लागला. आपल्याकडे शिपिंगला जाणारी पोरं असं करतातच, बॅच जानेवारी आणि जुलैला चालू होतात आणि कॉलेज जूनला, त्यामुळे मधेच सोडणं आलंच. त्याच्या रिफंडची सगळी धावपळ मी केली, म्हणून हे लिहितोय, उगाच कोणी ऑफिसच्या खिडकीवरून "आता काय मिळणार" ऐकून परत जाऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. वर्षाच्या मधे म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरला सोडलंत तर ट्यूशन फी गेली असंच धरा, त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. पण पावतीवर ट्यूशन सोडून जे बाकीचे हेड असतात आणि हॉस्टेलचा जो वेगळा हिशोब असतो तिथे बऱ्यापैकी पैसे अडकलेले असतात, आणि ते कोणी आपणहून देत नाही, मागावे लागतात.

हे सगळं डिग्री कॉलेजपुरतं आहे. अकरावी-बारावी, आयटीआय, प्रायव्हेट क्लास यांना यूजीसीचे नियम लागत नाहीत.

1. आधी पावती काढा आणि हेड वेगळे करा

फी भरल्याची पावती बघा. एकच आकडा छापलेला असेल तर ऑफिसमधून हेडवाईज ब्रेकअप मागून घ्या, हे सोडायचं बोलायच्या आधी मागितलं तर पटकन मिळतं. भाच्याचं असं होतं:

- ट्यूशन फी 18,000
- लॅब आणि कॉम्प्युटर प्रॅक्टिकल 5,000
- ॲडमिशन, लायब्ररी, जिमखाना, मॅगझिन, विद्यापीठाचा हिस्सा वगैरे मिळून 3,200
- परीक्षा फी दोन्ही सेमची 3,000
- डिपॉझिट: कॉशन मनी 150, लायब्ररी 250, लॅब 400, म्हणजे 800

एकूण 30,000. हॉस्टेल वेगळं, त्याची पावती पण वेगळी: वर्षाचं भाडं 18,000 दोन हप्त्यात, डिपॉझिट 3,000, आणि मेस महिन्याला 2,800 ॲडव्हान्स.

यातलं डिपॉझिट हे फी नाहीच. यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या नोटिफिकेशनमध्ये स्पष्ट आहे की कॉशन मनी आणि सिक्युरिटी डिपॉझिट फीमध्ये धरायचं नाही आणि ते पूर्ण परत द्यायचं. म्हणजे तुम्ही ऑगस्टला सोडा नाहीतर मार्चला, ते तुमचंच. आठशे रुपये कमी वाटतात खरे, पण इंजिनिअरिंग कॉलेजात हाच आकडा कितीतरी मोठा असतो.

2. तारीख कुठून मोजायची ते पक्कं करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

यूजीसीचं घड्याळ चालू होतं ते ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेपासून. तुमचं लेक्चर कधी चालू झालं, तुम्ही फी कधी भरली, याचा संबंध नाही. त्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर 100 टक्के परत (त्यातून प्रोसेसिंगचे म्हणून जास्तीत जास्त 5 टक्के आणि ते पण 5,000 च्या वर नाही इतकेच कापता येतात). शेवटची तारीख 15 दिवसांच्या आत आली असताना सोडलं तर 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80 टक्के. 16 ते 30 दिवस झाले तर 50 टक्के. 30 दिवसांच्या वर गेलात की शून्य.

आता आपल्या रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बरीचशी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि त्यांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये मागच्या पानावर दुसरंच टेबल छापलेलं सापडतं, O.2859 म्हणून. ते घड्याळ टर्म सुरू झाल्यापासून चालतं: 20 दिवसांपर्यंत 20 टक्के, 50 दिवसांपर्यंत 30 टक्के असं करत 30 सप्टेंबरनंतर 100 टक्के. लोक काय करतात, या टेबलातला 20 टक्के वाचून म्हणतात अरे फक्त वीसच टक्के मिळणार. उलटं आहे! विद्यापीठाच्या टेबलात किती कापणार ते लिहिलंय आणि यूजीसीच्या टेबलात किती परत देणार ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि अर्जात यूजीसीचा हवाला द्या.

शेवटची तारीख बऱ्याचदा वाढते. विद्यापीठ सर्क्युलर काढून मुदतवाढ देतं, आणि मुदत वाढली की तुमचं घड्याळही पुढे सरकतं, हे ऑफिसवाले आपणहून सांगत नाहीत. त्या वर्षाचं शेवटचं मुदतवाढीचं सर्क्युलर शोधून प्रिंट काढून ठेवा.

आणि अजून एक. गेल्या काही वर्षांत यूजीसी दरवर्षी त्या त्या वर्षापुरतं वेगळं पत्रक पण काढतंय, मुलं एका कॉलेजातून दुसरीकडे जातात म्हणून. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत सोडलं तर पूर्ण फी परत आणि 31 ऑक्टोबरपर्यंत सोडलं तर फक्त 1,000 पर्यंत कापून बाकी परत, असं होतं. त्यानंतर मग 2018 चं टेबल. तुमच्या वर्षाचं पत्रक www.ugc.gov.in वर नोटीसमध्ये बघा, जुन्या वर्षाचं दाखवून काही मिळणार नाही.

आपल्याकडे गणपती नेमके याच दिवसांत येतात. कॉलेजला सुट्टी, ऑफिसमधला क्लार्क गावाला, आणि आपण म्हणतो विसर्जन झालं की बघू. तोवर 80 चे 50 झालेले असतात. अर्ज सुट्टीच्या आधी द्या, किंवा सुट्टी लागलीच असेल तर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्ट करा, पोस्टाच्या पावतीवर तारीख असते.

3. ट्यूशन फीचा हिशोब करून बघा

समजा ॲडमिशनची शेवटची तारीख 31 ऑगस्ट होती. वरच्या 30,000 मधून डिपॉझिट बाजूला काढलं की उरले 29,200. 10 सप्टेंबरला अर्ज दिला असता तर 80 टक्के म्हणजे 23,360. 20 सप्टेंबरला दिला असता तर 50 टक्के म्हणजे 14,600. 5 ऑक्टोबरला दिला तर काही नाही (त्या वर्षीचं खास पत्रक नसेल तर). डिपॉझिटचे 800 प्रत्येक वेळी वेगळे.

भाच्याने डिसेंबरच्या पहिल्या तारखेला अर्ज दिला, त्यामुळे ट्यूशन, लॅब, किरकोळ सगळं शून्य. जीपी रेटिंगचा निकालच तेव्हा लागला, त्यामुळे आधी सोडण्याचा प्रश्न नव्हता.

अर्जाची तारीख म्हणजे लेखी अर्ज ऑफिसने घेतला ती तारीख. पोरं काय करतात, सप्टेंबरला कॉलेजला जायचं बंद करतात, सरांना तोंडी सांगतात, व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडतात, आणि अर्ज देतात दिवाळीनंतर. मग "मी तर सप्टेंबरपासून आलोच नाही" याला काही किंमत राहत नाही.

4. परीक्षा फी: फॉर्म भरलाय का ते बघा

परीक्षा फीचं वेगळं टेबल कुठे छापलेलं नसतं म्हणून क्लार्क सरळ "ती नॉन रिफंडेबल" म्हणतो. अर्ध खरं आहे. ज्या सेमची परीक्षा झाली किंवा जिचा फॉर्म भरून पुढे गेला, हॉल तिकीट निघालं, तिचे पैसे विसरा, मग तुम्ही पेपरला बसा नाहीतर न बसा.

पण दुसऱ्या सेमचे पैसे कॉलेजने जूनमध्येच घेतले असतील आणि त्याचा फॉर्म अजून भरलेलाच नसेल तर ते मागा. अर्जात एक वाक्य टाका की सेम 2 चा परीक्षा फॉर्म मी भरलेला नाही आणि भरणार नाही, सबब त्या परीक्षेची फी परत मिळावी. भाच्याचे 3,000 पैकी 1,500 असेच परत आले. पहिल्यांदा नाही म्हणाले, मग अकाउंटंटने बघितलं की पैसे कॉलेजच्याच खात्यात पडून आहेत, तेव्हा प्राचार्यांनी सही केली. सगळ्या कॉलेजात देतीलच असं नाही, टेबलात नसलेली गोष्ट प्राचार्यांच्या सहीवर चालते. पण फेब्रुवारीत फॉर्म निघाल्यावर मागायला गेलात तर नक्कीच नाही मिळणार, आणि काही कॉलेजात फॉर्म ऑफिसच सगळ्या वर्गाचा एकगठ्ठा भरतं, तेव्हा त्याच्या आधी सांगा.

पहिली सेम पास झाला असाल तर मार्कशीट घेतल्याशिवाय सोडू नका आणि क्रेडिट तुमच्या एबीसी आयडीवर चढलेत का बघा. परत कधी डिग्री करायची वेळ आली तर तेच कामाला येतात.

5. हॉस्टेल आणि मेस

इथे खरी रक्कम निघाली, म्हणून जरा तपशीलात.

आधी हॉस्टेल कोणाचं आहे ते बघा. कॉलेजचं किंवा संस्थेचं असेल तर नियम छापलेले असतात, ॲडमिशनच्या वेळी सही केलेल्या फॉर्मच्या मागे. खाजगी रूम किंवा पेइंग गेस्ट असाल तर तिथे यूजीसी वगैरे काही नाही, घरमालकाशी जे ठरलंय ते.

भाच्याच्या हॉस्टेलचा नियम असा होता: एक महिना आधी नोटीस, भरलेला हप्ता परत नाही, पण रिकामी झालेली कॉट दुसऱ्या मुलाने घेतली तर राहिलेल्या महिन्यांचं भाडं परत. हा शेवटचा भाग बारीक अक्षरात होता आणि रेक्टरलाही आठवत नव्हता. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचा दुसरा हप्ता 9,000 भरून झालेला, म्हणजे महिन्याला 1,800. नोटीस 1 डिसेंबरला दिली, रूम 31 ला सोडली, राहिले तीन महिने, 5,400 रुपये.

कॉट भरायची वाट बघत बसलो नाही. लांज्याहून रोज एसटीने अपडाऊन करणारा त्याच्याच वर्गातला एक मुलगा होता, त्याला विचारलं, त्याच्या वडिलांना फोन केला, आणि त्याचा हॉस्टेलचा अर्ज आणि आपला रिफंडचा अर्ज एकाच दिवशी रेक्टरकडे दिला. मग नाही म्हणायला जागाच राहिली नाही. तुमच्या हॉस्टेलला वेटिंग लिस्ट असेल तर ती रेक्टरकडून बघून घ्या, वेटिंगवर मुलं असताना "कॉट रिकामी राहिली" असं सांगता येत नाही.

डिपॉझिट 3,000 पैकी लाईट बिलाचे 240 कापून 2,760 मिळाले. रूम सोडताना कॉट, गादी, पंखा, कपाटाची चावी, खिडकीच्या काचा यांचे फोटो काढा, रेक्टरसमोर. पावसाळ्यात भिंतींना ओल येतेच आपल्याकडे, आणि जाताना तिचा रंग तुमच्या डिपॉझिटमधून काढायला बघतात. आमच्याकडे जूनचे फोटो होते म्हणून तो विषय तिथेच संपला.

मेस महिन्याची असते म्हणून पुढच्या महिन्याचे पैसे भरायच्या आधीच कळवा. जानेवारीचे 2,800 भरलेच नाहीत, प्रश्न मिटला. भरून बसलात तर मेसवाल्याकडून काढणं कठीण, तो कॉन्ट्रॅक्टर असतो आणि कॉलेज हात वर करतं.

6. महाडीबीटी आणि बँकेचं कर्ज

स्कॉलरशिप किंवा फी सवलतीचा फॉर्म महाडीबीटीवर भरलेला असेल तर कॉलेज सोडताना तो अर्ज रद्द करायला कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला लेखी सांगा. तो तसाच चालू राहिला तर पुढच्या कोर्सला अर्ज करताना अडकतो. आणि सरकारने जो हिस्सा भरलाय किंवा भरणार आहे तो रिफंडमध्ये तुम्हाला मिळणार नाही, तुम्ही खिशातून भरलेल्या रकमेवरच हिशोब होतो. मुलींची ट्यूशन फी माफ झालेली असेल तर तिथे मुळात ट्यूशनचा रिफंडच नाही, बाकीचे हेड बघा.

एज्युकेशन लोन असेल तर आधी बँकेत जाऊन सांगा, परत येणारे पैसे लोन खात्यातच जमा करा असं बँक म्हणते.

7. इंजिनिअरिंग, फार्मसीवाल्यांसाठी

कॅप राऊंडमधून सीट मिळाली असेल तर कॉलेजला अर्ज देऊन भागत नाही. सीईटी सेलच्या पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून ॲडमिशन कॅन्सल करायची, जो फॉर्म निघतो त्याची सही केलेली प्रिंट कॉलेजला द्यायची आणि पोच घ्यायची. त्या वर्षाच्या माहितीपत्रकात कट-ऑफ तारीख असते, तिच्या आत केलं तर 1,000 कापून बाकी परत, नंतर केलं तर फक्त डिपॉझिट आणि कॉशन मनी.

आणि "पुढच्या तीन वर्षांची फी भरा मग कागद देतो" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. सोडून जाणाऱ्या मुलाकडून पुढच्या वर्षांची फी मागायची नाही असं एआयसीटीईनेच सांगितलंय, आणि चालू सेम किंवा वर्षापलीकडची फी आगाऊ घ्यायला यूजीसीचीही मनाई आहे.

8. अर्ज आणि कागद

सोबत लागतं ते:

- फीच्या सगळ्या पावत्या, हॉस्टेलसकट, झेरॉक्स (ओरिजिनल पावती देऊ नका, दाखवा फक्त)
- आयकार्ड, लायब्ररी कार्ड
- नो ड्यूज फॉर्म: लायब्ररी, लॅब, जिमखाना, हॉस्टेल यांच्या सह्या
- ज्याच्या नावाने पैसे हवेत त्याचा कॅन्सल चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
- आधार झेरॉक्स, आणि पालकांची सही

अर्ज छोटा ठेवा, साधारण असा:

> मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष बीएससी (आयटी) मध्ये शिकत असून दि. ____ पासून प्रवेश रद्द करत आहे. यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार देय असलेली फी, सर्व अनामत रकमा, तसेच सेमिस्टर 2 चा परीक्षा अर्ज भरलेला नसल्याने त्या परीक्षेची फी सोबतच्या खात्यात परत मिळावी. माझी मूळ प्रमाणपत्रे व शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर थांबा. या शिक्क्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असा यूजीसीचा नियम आहे, शिक्का नसेल तर पंधरा दिवस मोजणार कुठून.

दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट कॉलेजने ठेवून घ्यायच्याच नसतात, बघून परत द्यायच्या असतात. ठेवल्या असतील तर रिफंडच्या आधी त्या मागा, कारण पुढच्या ॲडमिशनला पैसे थांबू शकतात, मार्कशीट नाही थांबू शकत. आणि पैसे खात्यात येईपर्यंत "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा कागदावर सही करू नका, नो ड्यूजच्या गठ्ठ्यात तो कागद सहज सरकवलेला असतो.

9. पंधरा दिवस झाले, पैसे नाहीत

आधी प्राचार्यांना एक स्मरणपत्र, शिक्क्याची झेरॉक्स लावून. बऱ्याचदा फाईल कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी पडलेली असते, तेवढ्याने हलते.

नाही हललं तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार. यूजीसीच्या 2023 च्या नियमानुसार ही समिती असावीच लागते आणि तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, ते 30 दिवसांत निकाली काढायचं असतं. त्याच बरोबर samadhaan.ugc.ac.in वर ऑनलाईन तक्रार टाकता येते, तिथे अर्जाची शिक्केवाली प्रत आणि पावती अपलोड करा. तक्रारीत कॉलेजचा मुलांशी वागण्याचा इतिहास लिहू नका, फक्त चार तारखा आणि चार आकडे: ॲडमिशनची शेवटची तारीख, अर्जाची तारीख, किती भरले, किती येणं आहे.

आमचं तिथपर्यंत गेलं नाही. कॉलेजकडून डिपॉझिट 800 आणि परीक्षेचे 1,500 जानेवारीत भावोजींच्या खात्यावर आले, हॉस्टेलचे 5,400 आणि 2,760 रेक्टरने चेकने दिले. मेस सोडून एकूण भरलेले 51,000, परत आले 10,460.